पत्राबरोबर चेहरा येत नाही

ईमेलचा इनबॉक्स उघडला की प्रत्येक पत्राच्या डाव्या कडेला एक लहानसे वर्तुळ दिसते. काही वर्तुळांत पाठवणाऱ्याचा फोटो असतो, काहींत एखाद्या बँकेचे किंवा दुकानाचे बोधचिन्ह असते आणि उरलेल्यांत रंगीत पार्श्वभूमीवर नावाचे पहिले अक्षर असते. एकाच माणसाचा फोटो एका ॲपमध्ये दिसतो, दुसऱ्यात दिसत नाही. नवा फोन घेतला, तीच ईमेल, तेच ॲप, तरी काल दिसणारे सगळे चेहरे आज गायब असतात आणि यादीभर नुसती अक्षरे उरतात. अशा वेळी ॲप बिघडले असे वाटणे साहजिक आहे. बहुतेक वेळा बिघडलेले काहीच नसते. फोटो पत्राबरोबर आलेला नसतो. तो ॲपने दुसरीकडून शोधून आणायचा असतो आणि ॲप जिथे शोधते तिथे तो सापडलेला नसतो.

ईमेलच्या प्रत्येक पत्राला एक मथळा असतो. कागदी पत्राच्या पाकिटावर असतो तसा मजकूर त्यात असतो: कोणाकडून, कोणाला, कधी, कशाविषयी. ‘कोणाकडून’ ही ओळ अशी दिसते:

```
From: "Asmita Kulkarni" <asmita@example.com>
```

या ओळीत दोनच गोष्टी आहेत. अवतरणचिन्हांतले नाव आणि कोनी कंसातला पत्ता. ईमेलच्या मथळ्याची ही रचना १९८२ साली ठरली, पुढे २००१ आणि २००८ साली तिच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. पण पाठवणाऱ्याच्या फोटोसाठी जागा कोणत्याही आवृत्तीत ठेवलेली नाही. इनबॉक्सची यादी दाखवताना ॲप सर्व्हरकडून पूर्ण पत्रे मागवत नाही. आयमॅप या पद्धतीने ते प्रत्येक पत्राचे नाव, पत्ता, विषय आणि तारीख तेवढी मागवते. आयमॅपमध्ये ‘या पाठवणाऱ्याचा फोटो दे’ अशी विनंती करण्याची सोयच नाही. त्यामुळे यादी तयार होते तेव्हा ॲपच्या हातात चेहऱ्याविषयी काहीही नसते. असतो तो फक्त पत्ता.

व्हॉट्सॲपची सवय झालेल्यांना हे विचित्र वाटते, कारण तिथे फोटो आपोआप दिसतो. तिथे पाठवणारा आणि घेणारा हे दोघेही एकाच कंपनीचे खातेदार असतात, फोटो त्याच कंपनीच्या सर्व्हरवर असतो आणि फोन नंबरावरून तो लगेच सापडतो. ईमेलचे तसे नाही. पत्र एका कंपनीच्या सर्व्हरवरून निघते, दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर पोहोचते आणि तिसऱ्याच कोणीतरी बनवलेल्या ॲपमध्ये वाचले जाते. या तिघांचे मिळून एकच फोटोंचे पुस्तक नाही. प्रत्येक ॲप आपापले पुस्तक उघडते, आणि कोणते ॲप कोणते पुस्तक उघडते हे एकदा कळले की फोटो का दिसत नाही याचे उत्तर निम्म्याहून अधिक हाती येते.

पत्राबरोबरच चेहरा पाठवण्याचा प्रयत्न एके काळी झाला होता. १९८०च्या दशकात विद्यापीठे आणि प्रयोगशाळांतल्या युनिक्स यंत्रांवर मथळ्यात `X-Face` नावाची जादा ओळ घालण्याची पद्धत निघाली. त्यात ४८ बाय ४८ ठिपक्यांचे काळे-पांढरे चित्र अक्षरांच्या रूपात दाबून बसवलेले असे. नंतर रंगीत चित्रासाठी `Face` ही ओळही आली. काही जुनी ॲप्स या ओळी वाचत. पण ही पद्धत कधी प्रमाण झाली नाही. तिच्यात एक मूळचा दोषही होता. पाठवणारा त्या ओळीत कोणाचाही चेहरा घालू शकत होता. या दोषाचे पुढे काय झाले ते शेवटी येईल.

आज ॲप्स जी पुस्तके उघडतात त्यांतले सर्वांत जुने आणि सर्वांत विश्वासाचे म्हणजे वाचणाऱ्याची स्वतःची काँटॅक्ट्सची यादी. ॲपल मेल याच यादीतून फोटो घेते. अँड्रॉइडवरचे के-९ मेल आणि त्याच्यावर उभे राहिलेले थंडरबर्ड यांचीही हीच रीत आहे. के-९ मेल २००८ सालापासूनचे, मुक्त स्रोत असलेले ॲप आहे. २०२२ साली ते थंडरबर्ड प्रकल्पात सामील झाले आणि २०२४च्या ऑक्टोबरअखेर अँड्रॉइडसाठीचे थंडरबर्ड बाहेर पडले. फोटो न दिसण्याची कारणे समजून घ्यायला हे ॲप सोयीचे आहे, कारण ते फोटोसाठी इंटरनेटवर कुठेही जात नाही. फोनमधली काँटॅक्ट्सची यादी हेच त्याचे एकमेव पुस्तक.

त्याचे काम असे चालते. यादीतल्या एका पत्राचा पत्ता घ्यायचा, समजा `asmita@example.com`. अँड्रॉइडच्या काँटॅक्ट्सच्या साठ्याला विचारायचे की हा ईमेल पत्ता कोणाच्या नोंदीत आहे का. असेल तर त्या नोंदीला फोटो जोडलेला आहे का. असेल तर तो वर्तुळात दाखवायचा. यातल्या कोणत्याही पायरीवर ‘नाही’ असे उत्तर आले की अक्षर काढायचे. अक्षराच्या मागचा रंगही कोणी निवडलेला नसतो. तो पाठवणाऱ्याच्या पत्त्याशी बांधलेल्या गणितातून निघतो, म्हणून एकाच माणसाच्या सगळ्या पत्रांना सहसा एकच रंग येतो. अक्षर निवडण्याचा के-९चा नियम मराठी वाचकाच्या लक्षात येण्याजोगा होता. नावातले पहिले मूळ अक्षर आणि त्याला लगेच चिकटलेली चिन्हे एवढेच तो उचलत असे. त्यामुळे ‘मीना’ या नावाचे वर्तुळात ‘मी’ होई, ते बरोबरच; पण ‘श्रीकांत’मधला ‘श्री’ जोडाक्षर असल्याने तो मध्येच तुटून पाय मोडलेला ‘श्’ उरे. देवनागरीत अक्षर म्हणजे काय, हा प्रश्न एवढ्याशा वर्तुळातही सुटलेला नसतो.

आता नव्या फोनची गोष्ट तपशिलाने पाहता येईल. समजा, एका वाचकाच्या जुन्या फोनवर थंडरबर्डमध्ये पंधरा-वीस जणांचे फोटो दिसत होते. नव्या फोनवर त्याने ॲप घातले, खाते जोडले, पत्रे आली आणि सगळीकडे अक्षरे दिसू लागली. एकाही माणसाचा फोटो नाही, हाच पहिला धागा आहे. सगळे चेहरे एकदम गेले असतील तर दोष एकेका माणसाच्या नोंदीत नसून सर्वांना समान असलेल्या गोष्टीत असणार. अशा दोन गोष्टी आहेत. पहिली, ॲपची स्वतःची सेटिंग. जनरल सेटिंग्जमधल्या डिस्प्ले या भागात `Show contact pictures` असा पर्याय असतो. तो बंद असेल तर फोटोच काय, वर्तुळेही दिसत नाहीत. या वाचकाला अक्षरांची वर्तुळे दिसत आहेत, म्हणजे सेटिंग चालू आहे. मग उरते दुसरी गोष्ट: परवानगी.

अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ सालापासून, काँटॅक्ट्स वाचण्याची परवानगी प्रत्येक ॲपला वापरणाऱ्याकडून वेगळी मागावी लागते. नवे ॲप उघडताना एकामागून एक चौकटी येतात आणि माणूस घाईघाईने ‘नको’ म्हणून मोकळा होतो. परवानगी नाकारली तरी पत्रे येणे-जाणे थांबत नाही. ॲप तक्रारही करत नाही. त्याला काँटॅक्ट्सची यादी रिकामी असल्यासारखी दिसते आणि ते निमूटपणे अक्षरे काढत राहते. म्हणून हे कारण पटकन ध्यानात येत नाही. फोनच्या सेटिंग्जमध्ये ॲप्सच्या यादीतून थंडरबर्ड निवडावे, त्यातला परवानग्यांचा भाग उघडावा आणि काँटॅक्ट्सची परवानगी द्यावी. मग ॲप पूर्ण बंद करून पुन्हा उघडावे, कारण आधी शोधून न सापडलेल्याची आठवण ते काही काळ धरून ठेवू शकते.

परवानगी दिल्यावर समजा वीसपैकी आठ चेहरे परत आले आणि बारा आले नाहीत. आता प्रश्न बदलला. पुस्तक उघडले आहे, पण या बारा नोंदी त्यात नाहीत किंवा अपुऱ्या आहेत. यातली एक नोंद काँटॅक्ट्स ॲपमध्ये उघडून पाहावी. आपल्याकडे सर्वांत जास्त आढळणारे कारण इथे दिसते: नोंदीत नाव आहे, फोन नंबर आहे, फोटोही आहे, पण ईमेल पत्ताच नाही. भारतात माणसे काँटॅक्ट्स जमवतात ती फोनसाठी. नंबर साठवला की काम झाले. ईमेल ॲप मात्र पत्त्याने शोधते. नाव सारखे आहे म्हणून ते दोन नोंदी जुळवत नाही, आणि तसे न करणेच बरोबर आहे, कारण ‘संजय पाटील’ नावाची माणसे एकाच फोनमध्ये तीन असू शकतात. त्या नोंदीत ईमेल पत्ता भरला की फोटो दिसू लागतो.

काही नोंदी फोनमध्ये मुळात आलेल्याच नसतात. जुन्या फोनवर त्या गूगल खात्यात साठवलेल्या असतील तर खाते जोडल्यावर नव्या फोनवर उतरतात. पण त्या फोनच्याच अंतर्गत साठ्यात ठेवलेल्या असतील तर जुन्या फोनबरोबर मागे राहतात. सिमकार्डावर साठवलेल्या असतील तर येतात खऱ्या, पण नाव आणि नंबर एवढ्याच रूपात; सिमच्या नोंदीत फोटोला जागा नसते. जुने सिम नव्या फोनमध्ये घालून ‘काँटॅक्ट्स आले’ असे समाधान मानलेल्या माणसाला चेहरे का गेले ते म्हणूनच कळत नाही. नोंद कुठे साठवली आहे हे काँटॅक्ट्स ॲपमध्ये नोंदीच्या तपशिलात दिसते. सिमवरच्या नोंदी गूगल किंवा दुसऱ्या खात्यात हलवाव्यात आणि मग त्यांत ईमेल आणि फोटो भरावा.

एवढे करूनही एखाददुसरा चेहरा येत नाही, तेव्हा पत्ता अक्षरशः ताडून पाहावा लागतो. इनबॉक्समधले पत्र उघडून पाठवणाऱ्याच्या नावावर बोट ठेवले की खरा पत्ता दिसतो. बऱ्याचदा तो काँटॅक्ट्समधल्या पत्त्याहून वेगळा निघतो. माणसाने नोकरी बदललेली असते, किंवा तो एकच पेटी दोन नावांनी वापरत असतो. जीमेलमध्ये पत्त्यातले टिंब असले-नसले तरी पत्र एकाच पेटीत जाते, पण काँटॅक्ट्सच्या साठ्याला `a.kulkarni` आणि `akulkarni` हे दोन निराळे पत्ते वाटतात. जीमेलची ही सवलत फक्त जीमेलला ठाऊक आहे.

गटांतून येणाऱ्या पत्रांची तऱ्हा आणखी वेगळी. गृहनिर्माण संस्थेचा, माजी विद्यार्थ्यांचा किंवा साहित्य मंडळाचा ईमेल गट असतो. सदस्याने पाठवलेले पत्र गटाचा सर्व्हर सगळ्यांना वाटतो. पूर्वी या पत्रांवर मूळ सदस्याचाच पत्ता राहत असे. बनावट पत्त्यांविरुद्धचे नियम कडक झाल्यावर गटांचे सर्व्हर पुष्कळदा ‘कोणाकडून’ ही ओळ बदलू लागले:

```
From: "Asmita Kulkarni via Sahavas" <sahavas@example.org>
```

नाव अस्मिताचे, पत्ता गटाचा. ॲप पत्त्याने शोधते, त्यामुळे अस्मिताचा फोटो काँटॅक्ट्समध्ये असूनही दिसत नाही. हा दोष नव्हे आणि त्यावर वाचणाऱ्याच्या बाजूने उपायही नाही. फार तर गटाच्या पत्त्याची एक नोंद करून तिला संस्थेचे चित्र लावता येते. मग गटाची सगळी पत्रे त्या एकाच चित्राने ओळखू येतात, आणि ते सोयीचेही पडते.

दुसरे पुस्तक कंपन्यांचे आहे. जीमेलच्या ॲपमध्ये अनोळखी माणसाचाही फोटो दिसतो, कारण पाठवणाऱ्याचे गूगल खाते असेल आणि त्याने खात्याला फोटो लावला असेल तर गूगल आपल्याच साठ्यातून तो काढून दाखवते. हा साठा गूगलच्या घरातला आहे. तेच जीमेल खाते थंडरबर्डमध्ये आयमॅपने जोडले की पत्रे येतात, फोटो येत नाहीत, कारण आयमॅपच्या वाटेने फक्त पत्रे वाहतात. ‘जीमेलमध्ये दिसतो, इथे दिसत नाही’ ही तक्रार या एका वाक्यात संपते. कचेऱ्यांमध्ये आउटलुक वापरतात तिथेही तसेच. संस्थेच्या मायक्रोसॉफ्ट निर्देशिकेत कर्मचाऱ्याचा फोटो भरलेला असेल तर तो सहकाऱ्यांना दिसतो, बाहेरून पत्र लिहिणाऱ्या माणसाची मात्र आद्याक्षरे दिसतात. नव्या आउटलुकमध्ये यादीतले पाठवणाऱ्याचे चित्र पूर्णपणे बंद करण्याची सेटिंगही आहे, म्हणून संस्थेच्या संगणक विभागाकडे जाण्यापूर्वी ती एकदा पाहावी.

तिसरे पुस्तक सार्वजनिक आहे. त्याचे नाव ग्रॅव्हटार. टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी ते २००४ साली सुरू केले आणि २००७ साली वर्डप्रेसमागच्या ऑटोमॅटिक या कंपनीने ते घेतले. माणसाने तिथे आपला ईमेल पत्ता नोंदवून एक फोटो ठेवायचा, मग जगातला कोणताही कार्यक्रम त्या पत्त्यावरून तो फोटो मागू शकतो. काही ईमेल ॲप्स ही सोय देतात. फोटो मागताना पत्ता उघडपणे पाठवत नाहीत. त्याच्या कडेची कोरी जागा काढून, सगळी अक्षरे लहान लिपीत करून त्याचा एक ठसा काढतात. पूर्वी हा ठसा एमडी५ या गणिताने काढत, आता एसएचए-२५६ची शिफारस आहे. लिनक्सवर तो असा काढता येतो:

```
printf '%s' 'myemailaddress@example.com' | sha256sum
```

उत्तर येते ते ६४ चिन्हांचे असते:

```
84059b07d4be67b806386c0aad8070a23f18836bbaae342275dc0a83414c32ee
```

मग ॲप हा ठसा घालून चित्र मागते:

```
https://gravatar.com/avatar/84059b07d4be67b806386c0aad8070a23f18836bbaae342275dc0a83414c32ee?s=96&d=404
```

इथे `s=96` म्हणजे ९६ ठिपके रुंदीचे चित्र हवे. `d=404` अधिक महत्त्वाचे आहे. ते घातले नाही तर फोटो नसलेल्या पत्त्यालाही ग्रॅव्हटार आपले एक ठराविक चित्र पाठवते आणि ॲपला खरे-खोटे कळत नाही. सगळ्या अनोळखी पत्रांना मग एकच निर्विकार चित्र चिकटते. ते घातले तर फोटो नसताना ‘सापडले नाही’ असे उत्तर येते आणि ॲप अक्षराकडे वळू शकते. ठसा काढताना होणारी चूक अशी की `printf`ऐवजी `echo` वापरला तर शेवटी ओळ संपल्याची एक अदृश्य खूण जोडली जाते. डोळ्यांना दोन्ही मजकूर सारखेच दिसतात, ठसा मात्र पूर्ण वेगळा निघतो आणि फोटो सापडत नाही. पत्त्यात एक मोठ्या लिपीतले अक्षर राहिले तरी तेच होते. ॲप बनवणाऱ्यांच्या हातून हीच गफलत झाली तर त्या ॲपमध्ये काहींचे फोटो येतात, काहींचे येत नाहीत.

मग सगळी ॲप्स ग्रॅव्हटारला का विचारत नाहीत? कारण विचारणे म्हणजेच काहीतरी सांगणे. इनबॉक्सची यादी वर सरकवली की ॲप पन्नास पत्रांसाठी पन्नास ठसे एका परक्या सर्व्हरकडे पाठवते. त्या सर्व्हरला वाचणाऱ्याच्या इंटरनेट जोडणीचा पत्ता दिसतो, वेळ दिसते आणि पत्रव्यवहार कोणाशी चालतो याची यादीच मिळते. ठशावरून पत्ता उलटा काढता येत नाही असे म्हणतात, ते अपुरे आहे. ज्याच्याकडे लाखो ईमेल पत्त्यांची यादी आधीच आहे त्याने त्या सगळ्यांचे ठसे काढून ठेवले की जुळणारा ठसा शोधायला क्षणही लागत नाही. खाजगीपणाची काळजी घेणारी ॲप्स ही सोय म्हणून सुरुवातीला बंद ठेवतात किंवा मुळीच देत नाहीत. डॉक्टर, वकील, पत्रकार यांनी ती बंदच ठेवावी. त्यांच्याकडे कोण लिहिते हीच गोष्ट गुप्त असते, आणि वर्तुळातल्या चेहऱ्यासाठी ती बाहेर जाऊ देणे परवडणारे नाही.

बँका, विमानकंपन्या, दुकाने यांची बोधचिन्हे वर्तुळात दिसतात ती चौथ्या वाटेने. काही ॲप्स त्या संस्थेच्या संकेतस्थळाचे छोटे चिन्ह उचलून लावतात; हा सोपा पण कच्चा मार्ग आहे. पक्का मार्ग बिमी या नावाने ओळखला जातो. जीमेलने तो २०२१ साली आणि ॲपलने २०२२ साली, आयफोनच्या सोळाव्या आवृत्तीपासून, स्वीकारला. यात संस्था आपल्या डोमेनच्या नोंदवहीत, म्हणजे डीएनएसमध्ये, एक ओळ घालते:

```
default._bimi.example.com  TXT  "v=BIMI1; l=https://example.com/logo.svg; a=https://example.com/vmc.pem"
```

`l` पुढे बोधचिन्हाचा पत्ता आणि `a` पुढे ते चिन्ह खरोखर त्याच संस्थेचे असल्याच्या प्रमाणपत्राचा पत्ता. कोणालाही ही ओळ संगणकावरून पाहता येते:

```
dig +short TXT default._bimi.example.com
```

ओळ असूनही चिन्ह दिसत नाही, अशी तक्रार संस्थांकडून पुष्कळदा येते. पहिले कारण बहुधा बिमीच्या बाहेर असते. संस्थेच्या नावाने आलेले बनावट पत्र अडवावे किंवा वेगळे ठेवावे, असा आदेश डोमेनच्या डीमार्क नोंदीत असावा लागतो. म्हणजे तिथे `p=quarantine` किंवा `p=reject` हवे. पुष्कळ संस्था `p=none` लिहून थांबतात, ज्याचा अर्थ ‘फक्त पाहा, करू काही नका’ असा होतो. तेवढ्यावर चिन्ह मिळत नाही. दुसरे कारण चित्राच्या साच्याचे. ते एसव्हीजीच्या एका खास, आखडत्या प्रकारात लागते. नेहमीच्या चित्रकार्यक्रमातून काढलेली एसव्हीजी फाइल सहसा तशीच चालत नाही. आणि जीमेलला प्रमाणपत्र हवेच असते, याहूला ते लागत नाही. त्यामुळे एकच पत्र याहूच्या पेटीत चिन्हासह दिसते आणि जीमेलमध्ये अक्षरासह. बिमी डोमेनच्या मालकासाठी आहे. जीमेलचा पत्ता वापरणाऱ्या साध्या माणसाला या वाटेने स्वतःचा फोटो लावता येत नाही.

एखादे ॲप यांतली दोन-तीन पुस्तके एकामागून एक उघडते तेव्हा क्रमही महत्त्वाचा ठरतो. बहुतेक ठिकाणी वाचणाऱ्याच्या काँटॅक्ट्सना पहिला मान असतो आणि तसाच असायला हवा. मावशीने ग्रॅव्हटारवर दहा वर्षांपूर्वी ठेवलेल्या फोटोपेक्षा भाच्याने फोनमध्ये लावलेला फोटो त्या भाच्यासाठी अधिक खरा आहे. फोटो बदलल्यावर जुनाच दिसत राहिला तर कारण बहुधा साठवणीचे असते. यादी भराभर सरकावी म्हणून ॲप एकदा आणलेली चित्रे जवळ ठेवते. काही काळ थांबल्यावर किंवा ॲपची तात्पुरती साठवण पुसल्यावर नवे चित्र येते. पत्रे त्याने जात नाहीत. मात्र ‘सगळा डेटा पुसा’ हे बटण निराळे असते आणि त्याने खाती पुन्हा जोडावी लागतात, म्हणून दाबण्यापूर्वी कोणते बटण आहे ते नीट वाचावे.

आता `X-Face`मधल्या त्या जुन्या दोषाकडे. तिथे पाठवणारा कोणाचाही चेहरा लावू शकत होता. आज चेहरा वाचणाऱ्याच्या पुस्तकातून येतो, त्यामुळे तो दोष गेला असे वाटेल. तो गेलेला नाही, त्याने जागा बदलली आहे. काँटॅक्ट्समधून फोटो शोधणारे ॲप ‘कोणाकडून’ या ओळीतल्या पत्त्यावर विश्वास ठेवते. तो पत्ता खरा आहे का, हे तपासणे सर्व्हरच्या गाळणीचे काम असते आणि गाळणी कधी चुकते. एखाद्या ठगाने साहेबांच्या किंवा भावाच्या पत्त्याचा आव आणून पत्र पाठवले आणि ते गाळणीतून निसटले, तर वाचणाऱ्याचा फोन स्वतःहून त्या पत्राला साहेबांचा, भावाचा खरा फोटो लावतो. ठगाला चेहरा चोरावाही लागत नाही. बिमीत पत्ता तपासल्याखेरीज चिन्ह दिसत नाही. काँटॅक्ट्समधल्या फोटोमागे अशी कोणतीही तपासणी नसते.

उलट बाजूही लक्षात ठेवण्यासारखी आहे. ठगांची बहुतेक पत्रे नाव खरे आणि पत्ता परका अशी येतात. नाव ‘अस्मिता कुलकर्णी’, पत्ता कुठला तरी भलताच. अशा पत्राला काँटॅक्ट्समधला फोटो जुळत नाही आणि वर्तुळात नुसते ‘अ’ दिसते. रोज जिचा चेहरा दिसतो तिच्या नावाने आलेल्या पत्रावर एक दिवस अचानक अक्षर दिसले, तर तो ॲपचा दोष समजून पुढे जाऊ नये. पैसे, ओटीपी किंवा खात्याचा तपशील मागणारे पत्र असेल तर, चेहरा दिसो वा न दिसो, वर्तुळाशेजारच्या नावावर बोट ठेवून पूर्ण पत्ता वाचावा आणि त्या माणसाला फोन करून विचारावे.